एचडीएल वाढवणाऱ्या गोळ्या आहेत, मग डॉक्टर देत का नाहीत?

अनघा_विश्रामबाग

नमस्कार मंडळी. बाबा ६६ वर्षांचे आहेत, सांगलीत आमच्याकडेच असतात. गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून स्टॅटिन आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. परवा रक्त तपासलं. एकूण कोलेस्टेरॉल १५८, ट्रायग्लिसराइड २४०, एचडीएल २९, एलडीएल ८१. एचडीएलचा आकडा ठळक छापलाय आणि पुढे बाण खाली दाखवलाय, त्यामुळे घरात सगळ्यांची नजर तिथेच जाते.

माझा भाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणतो, नायसिन घेतलं की एचडीएल वाढतं, मी बाटली पाठवतो. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "एचडीएल वाढवायची गोळी मी लिहिणार नाही, तुम्हीही देऊ नका." बाहेर पेशंटची रांग होती, जास्त बोलता आलं नाही. माझा प्रश्न साधा आहे. एचडीएल धमनीतलं कोलेस्टेरॉल काढून लिव्हरकडे नेतं, हे आम्ही शाळेत मुलांनाही शिकवतो. मग ते वाढवलं तर बिघडतं कुठे?

कराडकर

अनघाताई, तुमच्या भावाचं म्हणणं बरोबर आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांचा अभ्यास १९७७ साली छापून आला. त्यात एचडीएल जितकं जास्त तितके हार्ट अटॅक कमी, असं स्पष्ट दिसलं. पुढे असे बरेच अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला गेला. एचडीएल १ मिलिग्रॅमने जास्त असेल तर धोका २ ते ३ टक्क्यांनी कमी. बाबांचं २९ चं ३९ झालं तर किती फरक पडेल ते तुम्हीच बघा.

नायसिन म्हणजे ब जीवनसत्त्वातलंच एक. १९७५ साली कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला, त्यात नायसिन घेणाऱ्यांना पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण कमी होतं. स्वस्त औषध आहे, त्यामुळे ते विकण्यात कुणाला रस नसावा.

बेदाणा

ताई, गोळीच्या मागे कशाला लागता. आमच्याकडे तासगावात सगळे घाण्याचं शेंगतेल आणि घरचं तूप खातात. तूप खाल्ल्याने एचडीएल वाढतं असं ऐकलंय. रोज मूठभर बेदाणे आणि चार बदाम द्या. माझ्या सासऱ्यांचं ३२ चं ३८ झालं.

अनघा_विश्रामबाग

बेदाणा, खाण्याचं आम्ही सांभाळतोच. पण मला काय खावं हे विचारायचं नव्हतं. आकडा औषधाने वाढवला तर अटॅक टळतो का, एवढंच समजून घ्यायचंय.

तंबोरा_मिरज

अनघा, तुझा प्रश्न मोलाचा आहे. यावर जगात हजारो कोटी खर्च झालेत. मी मिरजेत बायोकेमिस्ट्री शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शाळेत शिकवतात ती गोष्ट खोटी नाही. धमनीच्या आतल्या भिंतीत एलडीएल शिरून अडकतं. पांढऱ्या पेशी ते गिळतात आणि कोलेस्टेरॉलने फुगतात. ते बाहेर काढायचा मार्ग त्या पेशींच्या पडद्यावर असतो, एबीसीए-१ नावाचं प्रथिन. रक्तात एपो-ए-१ हे प्रथिन जवळजवळ रिकामं फिरत असतं, ते हे कोलेस्टेरॉल उचलतं. त्यातून एचडीएलचा छोटा चपटा कण तयार होतो. मग एलकॅट नावाचं एंझाइम त्या कोलेस्टेरॉलला फॅटी अ‍ॅसिड जोडतं, तेव्हा ते कणाच्या पोटात जाऊन बसतं आणि कण गोल होतो. असा भरलेला कण लिव्हरपाशी गेला की तिथला एसआर-बी१ हा रिसेप्टर आतला माल उतरवून घेतो आणि कण पुन्हा मोकळा होतो. लिव्हर ते कोलेस्टेरॉल पित्तात टाकतं, पुढे त्यातलं काही मळावाटे जातं. रिव्हर्स कोलेस्टेरॉल ट्रान्सपोर्ट म्हणतात ते हेच. १९६८ साली ग्लॉमसेट यांनी ही कल्पना मांडली.

आता यातली एक वाट पुस्तकात छोट्या अक्षरात असते, पण औषधांचा सगळा इतिहास तिथेच घडलाय. माणसात एचडीएलचं बरंचसं कोलेस्टेरॉल थेट लिव्हरला जात नाही. रक्तातलं सीईटीपी नावाचं प्रथिन ते एचडीएलमधून काढून एलडीएल आणि व्हीएलडीएलमध्ये टाकतं, आणि बदल्यात ट्रायग्लिसराइड एचडीएलमध्ये भरतं. मग ते कोलेस्टेरॉल एलडीएलबरोबर एलडीएलच्या रिसेप्टरमधून लिव्हरमध्ये जातं. शास्त्रज्ञांनी विचार केला, सीईटीपी बंद केलं तर कोलेस्टेरॉल एचडीएलमध्येच राहील, एचडीएल वाढेल, एलडीएल कमी होईल. रक्ताच्या आकड्यांत नेमकं तसंच झालं.

एव्हासेट्रापिब या औषधाची चाचणी बघ. हृदयविकाराचा मोठा धोका असलेले १२,००० हून थोडे जास्त लोक त्यात होते, बहुतेक सगळे स्टॅटिनवर. औषध घेणाऱ्यांचं एचडीएल सुमारे ४६ वरून १०४ वर गेलं आणि एलडीएल सुमारे ८४ वरून ५५ वर आलं. लॅबमध्ये असा रिपोर्ट हातात आला तर कुणीही खूश होईल. कराडकरांचा नियम लावला, म्हणजे दर मिलिग्रॅमला २ टक्के, तर ५८ मिलिग्रॅम वाढल्यावर अटॅक निम्म्याहून कितीतरी खाली यायला हवे होते. प्रत्यक्षात दोन वर्षांहून थोड्या जास्त काळात औषधाच्या गटात १२.९ टक्के लोकांना मृत्यू, अटॅक, पक्षाघात किंवा तत्सम प्रसंगाला सामोरं जावं लागलं, आणि औषध नसलेल्या साध्या गोळीच्या गटात १२.८ टक्के लोकांना. फरक शून्य. २०१५ साली चाचणी मध्येच थांबवली.

गळीत_हंगाम

तंबोराताई, मी वाळवा तालुक्यात साखर कारखान्यात केमिस्ट आहे. वाचताना मला आमचं यार्ड दिसलं. मला कळलंय ते बरोबर आहे का सांगा.

हंगामात यार्डात उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, आज ४०० ट्रॉल्या उभ्या आहेत म्हणजे जोरात गाळप चाललंय. खरं तर गव्हाणीत ऊस पडत राहिला तर ट्रॉली आली, काट्यावर वजन झालं, रिकामी झाली, परत फडात गेली. यार्डात गर्दी फार होत नाही. पण मिल बंद पडली की तासाभरात रांग रस्त्यापर्यंत जाते. त्या दिवशी यार्डातल्या ट्रॉल्या सगळ्यात जास्त आणि गाळप शून्य. म्हणजे रिपोर्टमधलं एचडीएल हे यार्डातल्या ट्रॉल्यांची मोजणी आहे, फडातून किती ऊस निघून गाळला गेला हे त्यात कळत नाही. असंच ना?

तंबोरा_मिरज

अगदी असंच, आणि तुम्ही मिल बंद पडल्याचं लिहिलंत तसं माणसातही घडलेलं सापडलंय.

एसआर-बी१ आठवतो ना, लिव्हरवर माल उतरवून घेणारा. २०१६ साली एक शोध प्रसिद्ध झाला. एका बाईंचं एचडीएल १५२ होतं. जनुक तपासलं तर एसआर-बी१ च्या दोन्ही प्रतींत बिघाड, त्यामुळे रिसेप्टर काम करत नव्हता. मग हाच बिघाड एका प्रतीत असलेले बरेच लोक शोधले. त्यांचंही एचडीएल सरासरीपेक्षा जास्त होतं, आणि त्यांना हृदयविकाराचा धोका कमी नव्हता, उलट जास्त होता. उंदरांत हे आधीच दिसलं होतं. एसआर-बी१ काढून टाकला तर एचडीएल चढतं आणि धमन्या जास्त खराब होतात. लिव्हरमध्ये तो रिसेप्टर वाढवला तर एचडीएल उतरतं आणि धमन्या सुधारतात. एचडीएल उतरतंय आणि रोग कमी होतोय, हे वाचून मी शिकत असताना गोंधळले असते.

दुसरं, रक्तातल्या एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल येतं कुठून? मोठा भाग खुद्द लिव्हरमधून आणि आतड्यातून येतो. लिव्हरसुद्धा एबीसीए-१ वापरून एपो-ए-१ वर कोलेस्टेरॉल चढवतं. उंदराच्या फक्त लिव्हरमधलं एबीसीए-१ बंद केलं तेव्हा एचडीएल सुमारे ८० टक्क्यांनी पडलं. पण फक्त पांढऱ्या पेशींमधलं बंद केलं तेव्हा रक्तातला एचडीएलचा आकडा जवळजवळ हलला नाही, आणि धमन्यांतला रोग मात्र वाढला. म्हणजे ज्या पेशींतून कोलेस्टेरॉल निघायला हवं, त्यांची वाट बंद झाली तरी रिपोर्टला पत्ता लागत नाही. अनघा, बाबांच्या धमनीच्या भिंतीतून काय निघतंय ते २९ या आकड्यात दिसत नाही, आणि ते ५९ झालं तरी दिसणार नाही.

माई_वाई

हे वाचून मला धडकी भरली बाई. मी ६८ वर्षांची, वाईला असते. माझं एचडीएल गेली कित्येक वर्षं ९० च्या वर आहे, यंदा ९४ आलं. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात, तुम्हाला हार्टची चिंता नाही. माझ्या आईचंही असंच होतं, ती ८८ व्या वर्षी गेली. आता मी काय समजायचं? माझी गाळणी बंद आहे की काय?

तंबोरा_मिरज

माई, घाबरू नका. जास्त एचडीएल म्हणजे तो बिघाडच असं मुळीच नाही. तसा बिघाड फार दुर्मिळ असतो. बायकांत असा आकडा कधीकधी दिसतो आणि तुमच्या घरात तो आईकडून आलेला दिसतोय. कोपनहेगनमधल्या एक लाखाहून जास्त लोकांच्या अभ्यासात बायकांचं एचडीएल १३५ च्या वर आणि पुरुषांचं ११६ च्या वर गेल्यावर मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसलं. तुम्ही त्यापासून लांब आहात. मला फक्त तुमच्या डॉक्टरांच्या वाक्याबद्दल बोलायचंय. ९४ आहे म्हणून बाकीचं बघायची गरज नाही, असं होत नाही. तुमचं एलडीएल आणि बीपी किती आहे?

माई_वाई

बीपीची गोळी चालू आहे. एलडीएल १६८ आलंय. पण गुणोत्तर चांगलं आहे म्हणून औषध नको, असं ठरलं होतं.

अजिंक्यतारा

माई, मी साताऱ्याला एमडी मेडिसिन प्रॅक्टिस करतो. एलडीएल १६८ आणि बीपी असताना ९४ कडे बघून थांबू नये, असं माझं मत आहे. एकूण कोलेस्टेरॉलला एचडीएलने भागायचं गुणोत्तर अशा वेळी फसवं ठरतं, कारण मोठ्या एचडीएलमुळे भागाकार आपोआप छान येतो. पुढच्या भेटीत हा विषय काढा आणि नव्याने ठरवा.

कराडकर

एक मुद्दा राहतोय. या औषधांत पहिलं टॉर्सेट्रापिब होतं. ते फसलं कारण त्या रेणूने बीपी वाढत होतं. एक औषध वाईट निघालं म्हणून कल्पनाच चुकीची कशी ठरते?

तंबोरा_मिरज

कराडकर, बीपीचं तुमचं बरोबर आहे. टॉर्सेट्रापिबच्या चाचणीत १५,००० लोक होते, एचडीएल ७२ टक्के वाढलं, एलडीएल २५ टक्के कमी झालं. २ डिसेंबर २००६ ला चाचणी अचानक थांबवली, कारण औषधाच्या गटात मृत्यू जास्त होत होते, अंतिम मोजणीत ९३ आणि दुसऱ्या गटात ५९. वरचं बीपी सरासरी ५ अंकांनी वाढलं होतं आणि अल्डोस्टेरोन हे हार्मोनही. तेव्हा सगळ्यांनी तुमच्यासारखंच म्हटलं की दोष त्या रेणूचा, कल्पना शाबूत आहे. मला ते तेव्हा पटलंही होतं, आणि त्या वेळी तसं म्हणणं वाजवी होतं.

पण मग डाल्सेट्रापिब आलं. त्याने अल्डोस्टेरोन वाढत नाही, बीपीला जवळजवळ धक्का नाही. एचडीएल ३० ते ४० टक्क्यांनी वाढलं, एलडीएल जागच्या जागी. म्हणजे फक्त एचडीएल वाढवून काय होतं याची ही सगळ्यात स्वच्छ परीक्षा. जवळजवळ १६,००० लोक होते, सगळ्यांना नुकताच अटॅक किंवा तत्सम त्रास होऊन गेलेला. २०१२ ला निकाल आला, अटॅकमध्ये काही फरक नाही. म्हणून बीपीचं कारण टॉर्सेट्रापिबपुरतं ठीक आहे, पुढच्यांना लागू होत नाही.

त्याच वर्षी दुसऱ्या बाजूनेही उत्तर आलं. काही लोकांच्या एका जनुकात, एंडोथेलियल लायपेजच्या, जन्मजात असा बदल असतो की त्यांचं एचडीएल आयुष्यभर ५-६ मिलिग्रॅमने जास्त राहतं, बाकी चरबीचे आकडे इतरांसारखेच. तुमच्या नियमाने त्यांचे अटॅक १३ टक्के कमी असायला हवेत. हजारो रुग्ण आणि निरोगी लोक तपासले. धोका इतरांइतकाच निघाला. यात गोळी नाही, दुष्परिणाम नाही, काळ कमी पडला म्हणायची सोय नाही.

कराडकर

मग फ्रेमिंगहॅममध्ये जे दिसलं ते काय होतं? ते आकडे काही खोटे नव्हते.

तंबोरा_मिरज

खोटे नव्हतेच. आजही कुणाचा धोका किती हे सांगायला कमी एचडीएल उपयोगी पडतं. पण ते दुसऱ्या गोष्टीची खूण आहे, आणि तेच अनघाच्या बाबांच्या रिपोर्टमध्ये दिसतंय. ट्रायग्लिसराइड २४० आहे ना. रक्तात ट्रायग्लिसराइडने भरलेले कण जास्त असले की सीईटीपीची देवघेव वाढते. एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल त्या कणांत जातं आणि एचडीएलमध्ये ट्रायग्लिसराइड भरतं. लिव्हरचं लायपेज मग ते ट्रायग्लिसराइड फोडतं, कण आक्रसतो, एपो-ए-१ सुटतं आणि किडनीवाटे नष्ट होतं. एचडीएलचा आकडा पडतो. पोटाचा घेर, साखर, बसून राहणं, सिगारेट, यांनी हेच चित्र होतं. आपल्या लोकांत ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी ही जोडी घरोघरी सापडते. त्या माणसाला अटॅकचा धोका खरोखर जास्त असतो, पण तो त्या ट्रायग्लिसराइडच्या कणांमुळे आणि साखरेमुळे. एचडीएल तेवढं औषधाने वर ओढलं तर हे बाकीचं जसंच्या तसं राहतं.

अनघा_विश्रामबाग

तंबोराताई, आता थोडं उजेडात आल्यासारखं वाटतंय. बाबांचा रिपोर्ट मग कसा वाचायचा? आणि नायसिनचं काय? कराडकर म्हणतात ती १९७५ ची चाचणी तर खरी आहे ना?

अजिंक्यतारा

नायसिनचं मी सांगतो. ती चाचणी खरी, पण तेव्हा स्टॅटिन नव्हती. शिवाय नायसिन एलडीएल आणि ट्रायग्लिसराइडही उतरवतं, त्यामुळे फायदा एचडीएलमुळेच झाला हे त्यातून निघत नाही. बाबांचा प्रश्न वेगळा आहे. स्टॅटिन चालू असताना वर नायसिन दिलं तर? याची मोठी परीक्षा झाली, २५,६७३ लोकांवर, जवळजवळ चार वर्षं. अंग लाल होऊ नये म्हणून सोबत दुसरं औषध जोडलं होतं. एचडीएल सरासरी ६ मिलिग्रॅम वाढलं. मोठ्या प्रसंगांचं प्रमाण नायसिनमध्ये १३.२ टक्के, साध्या गोळीत १३.७. हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका छोटा. आणि ज्यांना मधुमेह नव्हता त्यांच्यात तो नव्याने होण्याचं प्रमाण ४.३ वरून ५.७ टक्क्यांवर गेलं. जंतुसंसर्ग आणि रक्तस्रावही वाढले. तुमचे बाबा रक्त पातळ करायची गोळी घेतायत, हे विसरू नका. तुमच्या डॉक्टरांनी नाही म्हटलं ते योग्यच केलं. भावाला सांगा, बाटली पाठवू नको.

रिपोर्टबद्दल. एकूण १५८ मधून एचडीएल २९ वजा करा, १२९ येतात. हा नॉन-एचडीएल. धमनीत शिरू शकणाऱ्या सगळ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल त्यात येतं. तुमच्या रिपोर्टमधलं ८१ हे एलडीएल बहुतेक हिशोबाने काढलंय, १५८ वजा २९ वजा २४० चा पाचवा भाग म्हणजे ४८. ट्रायग्लिसराइड चढलेलं असताना ८१ बघून समाधान मानलं तर उरलेले ४८ नजरेआड होतात. स्टेंट बसलेल्या माणसाला नॉन-एचडीएल १२९ जास्त आहे. स्टॅटिनचा डोस वाढवायचा की एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉल उतरवणारं दुसरं औषध जोडायचं, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी केली आहे का, हे तुमच्या डॉक्टरांशी बोला. ठळक छापलेल्या २९ पेक्षा या गोष्टींत बाबांचा फायदा आहे.

बेदाणा

एक विचारू का? मग माझ्या सासऱ्यांचं ३२ चं ३८ झालं ते काहीच नाही?

अजिंक्यतारा

त्यांचं वजन उतरलं का, ट्रायग्लिसराइड उतरलं का, ते बघा. चालणं वाढून आणि पोट कमी होऊन ३८ झालं असेल तर चांगलंच झालं, पण ते वजन आणि ट्रायग्लिसराइड उतरल्यामुळे. तूप वाढवून झालं असेल तर सोबत एलडीएल किती चढलं तेही तपासा. आणि ट्रायग्लिसराइड जास्त असेल तर बेदाणे मूठभर देऊ नका, त्यात साखर पुष्कळ असते. तासगावकरांना हे आवडणार नाही, तरी सांगतो.

अजिंक्यतारा

तंबोराताई, तुमच्या एका गोष्टीशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. एव्हासेट्रापिबमध्ये एलडीएलही ८४ वरून ५५ झालं होतं. एलडीएल उतरलं की अटॅक कमी होतात हे तर पक्कं आहे. मग तिथे शून्य कसं आलं? फक्त एचडीएल निरुपयोगी म्हणून हा निकाल सुटत नाही. मला वाटतं ती चाचणी लवकर बंद केली, एवढंच.

तंबोरा_मिरज

हा प्रश्न मलाही छळतो. एक उत्तर असं की सीईटीपी बंद केल्यावर प्रत्येक एलडीएल कणातलं कोलेस्टेरॉल कमी होतं, पण कणांची संख्या तितकी कमी होत नाही. प्रत्येक कणावर एपो-बी चा एकच रेणू असतो, म्हणून एपो-बी मोजलं की कण मोजले जातात. त्या चाचणीत एलडीएल तिसऱ्या हिश्श्याने पडलं, एपो-बी मात्र सुमारे १५ टक्केच. धमनीत कण शिरतात, म्हणून फायदाही १५ टक्क्यांच्या हिशोबाने धरायला हवा, आणि तेवढा दिसायला वेळ लागतो. इथे तुमचं आणि माझं जुळतं.

अ‍ॅनासेट्रापिबच्या चाचणीने याला बळ मिळतं. ३०,४४९ लोक, चार वर्षं. एचडीएल दुपटीने वाढलं, ४३ मिलिग्रॅमने. नॉन-एचडीएल १७ मिलिग्रॅमने उतरलं. हृदयाचे मोठे प्रसंग ११.८ वरून १०.८ टक्के झाले, म्हणजे साधारण ९ टक्के कमी. या सगळ्या घराण्यात फायदा दाखवणारं हे पहिलं औषध. आता नॉन-एचडीएल १७ ने उतरवल्यावर स्टॅटिनच्या चाचण्यांवरून जेवढी घट अपेक्षित असते, ती जवळजवळ एवढीच. वाढलेल्या ४३ मिलिग्रॅम एचडीएलच्या वाट्याला काही उरत नाही. औषध चरबीत वर्षानुवर्षं साठून राहायचं, कंपनीने ते बाजारात आणलंच नाही. त्याच घराण्यातलं ओबिसेट्रापिब आता तपासलं जातंय ते एलडीएल उतरवण्यासाठी.

तरीही एव्हासेट्रापिबमध्ये थोडासाही कल का दिसला नाही, हे मला पूर्ण उलगडलेलं नाही. दोन वर्षांत स्टॅटिनचा फायदा दिसायला लागतो.

अजिंक्यतारा

तेच म्हणतोय. आपण दोघं इथे थांबू, पण प्रश्न खुला ठेवू.

गळीत_हंगाम

मग यार्डातल्या ट्रॉल्या मोजण्यापेक्षा गाळप मोजता येत नाही का? म्हणजे पेशीतून कोलेस्टेरॉल किती वेगाने निघतंय ते?

तंबोरा_मिरज

मोजतात, संशोधनात. उंदराच्या पांढऱ्या पेशी वाढवून त्यांत खूण लावलेलं कोलेस्टेरॉल भरतात, किरणोत्सारी किंवा चमकणारं. माणसाच्या रक्तातलं एपो-बी असलेले कण काढून टाकतात आणि उरलेलं सिरम त्या पेशींवर काही तास ठेवतात. किती कोलेस्टेरॉल पेशीतून सिरममध्ये आलं ते मोजतात. २०१४ साली डॅलसच्या लोकांवर असं केलं. ज्यांच्या सिरमची ही क्षमता सगळ्यात जास्त, त्यांना पुढे हृदयाचा त्रास सगळ्यात कमी क्षमतेच्या लोकांपेक्षा ६७ टक्के कमी झाला, आणि एचडीएलचा आकडा हिशोबात धरूनही हे टिकलं. ही चाचणी रोजच्या लॅबमध्ये होत नाही. जिवंत पेशी आणि खूण लावलेलं कोलेस्टेरॉल लागतं, आणि दोन लॅबचे आकडे सहज जुळत नाहीत. शिवाय गव्हाणीच्या पलीकडे काय झालं, लिव्हरने किती उतरवून पित्तात टाकलं, हे यातही कळत नाही. फडातून उचललं किती, एवढंच कळतं.

कराडकर

पण मग हीच क्षमता वाढवणारं औषध द्यायचं. आकडा नको, काम वाढवा.

तंबोरा_मिरज

हे तुम्ही नेमकं बोललात, आणि तेही करून पाहिलंय. माणसाच्या रक्तातून काढलेलं एपो-ए-१ शिरेतून द्यायचं, आठवड्याला एक असे चार डोस, अटॅक आल्यानंतर लगेच. सीएसएल-११२ असं त्याचं नाव. पेशीतून कोलेस्टेरॉल काढायची क्षमता त्याने झपाट्याने वाढते. १८,२१९ रुग्णांची चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. ९० दिवसांत पुन्हा अटॅक, पक्षाघात किंवा हृदयाने मृत्यू औषधाच्या गटात ४.८ टक्के आणि दुसऱ्या गटात ५.२ टक्के. दिशा बरोबर, पण फरक सिद्ध व्हायला पुरेसा नाही.

कराडकर

दिशा बरोबर आहे असं तुम्हीच म्हणताय. चार डोसांत धमनीत वर्षानुवर्षं साठलेलं कसं निघेल? वर्षभर देऊन बघायला हवं होतं. मला अजूनही वाटतं, एचडीएलला फार लवकर बाद केलंय.

तंबोरा_मिरज

वर्षभर दिलं तर काय होईल हे कुणी तपासलेलं नाही, त्यामुळे तुम्हाला चूक म्हणता येणार नाही. पेशीतून बाहेर काढणं बाद झालंय असं मीही म्हणत नाही. बाद झालंय ते गोळीने एचडीएलचा आकडा वाढवणं.

अनघा_विश्रामबाग

भावाशी काल रात्री बोलले. बाटली रद्द. परवा बाबांना घेऊन जातेय, नॉन-एचडीएल १२९ आणि एचबीए१सी हे दोन्ही कागदावर लिहून ठेवलंय. अजिंक्यतारा सर, एपो-बी पण करून घेऊ का, की नॉन-एचडीएल पुरतं?

अजिंक्यतारा

ट्रायग्लिसराइड २४० असताना एपो-बीचा उपयोग होतो, खर्च परवडत असेल तर एकदा करा. नाही केलं तरी नॉन-एचडीएलवर उपचार ठरवता येतो. माई, तुम्ही पण एलडीएलचं बघा हो, विसरू नका.

माई_वाई

सोमवारी जातेय.